मावशींनी अर्धंच ताट का जेवलं: दिसणं, बोलणं, हात-पाय अचानक गेले तर पहिल्या काही तासांत काय करायचं

मी परभणीत रुग्णालयाच्या अपघात विभागात सिस्टर आहे. आमच्याकडे पक्षाघाताचे पेशंट जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा अशा सगळ्या बाजूंनी येतात. आपल्याकडे त्याला लकवा म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं' असंही म्हणतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की हे काय आहे ते गावात कुणालाही कळतं. पण डोकं दुखतंय आणि नीट दिसत नाही, एवढंच सांगणाऱ्या माणसाला लकवा असेल असं कुणाच्या मनात येत नाही. त्याला बाम लावतात, गोळी देतात, झोपवतात, दुपारी चष्म्याच्या दुकानात नेतात. हे पेशंट आमच्याकडे पोचतात तेव्हा सहा-आठ तास उलटलेले असतात आणि ज्या इंजेक्शनचा उपयोग झाला असता ते द्यायची मुदत संपलेली असते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. हात-पाय आणि बोलणं यांबद्दलही सांगणार आहे, कारण घरी करायचं काम तिन्हींत एकच आहे.

जिंतूर तालुक्यातल्या एका मावशींची सकाळ आधी सांगते. वय एकसष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मावशी लेकीशी फोनवर बोलल्या, नातवाला ताप आहे का विचारलं, बोलणं एकदम स्वच्छ. फोन ठेवला आणि जेवायला बसल्या. वेचणीला जायचं म्हणून भाकरी-भाजी सकाळीच. साडेसातला सुनेनं ताट उचललं तर डाव्या बाजूची भाकरी संपलेली, उजव्या बाजूचा ठेचा आणि भाजी जशीच्या तशी. "का हो, भाजी आवडली न्हाई का?" मावशी म्हणाल्या, "भाजी कुठं वाढली तू?" आणि डोकं धरून बसल्या. "मागून डोस्कं लई दुखायलंय, डोळ्यापुढं कसंतरीच व्हायलंय."

सुनेनं डोकेदुखीची गोळी दिली आणि बाजेवर झोपवलं. तिला दोष नाही, शंभरातल्या नव्वद घरांत हेच झालं असतं. आठ वाजून पाच मिनिटांनी मावशींनी पाणी मागितलं, तेव्हा जीभ जड झाली होती आणि उजव्या हातातून तांब्या निसटला. मग मात्र घर हललं.

आधी बघायचं काय

हात-पाय आणि बोलणं तपासायला एक मिनिट पुरतं. दात दाखवायला सांगा आणि ओठांचा एक कोपरा खाली राहतो का बघा. दोन्ही हात समोर सरळ धरून डोळे मिटायला सांगा, दहापर्यंत मोजा, एक हात आपोआप खाली येतो का बघा. मग एक साधं वाक्य म्हणून घ्या, "आज आपल्या गावचा बाजार आहे" असं काहीही. शब्द लडखडतात का, भलतेच शब्द येतात का, की तुमचं म्हणणंच त्यांना कळत नाही, हे ऐका. यातली एकही गोष्ट अचानक बिघडलेली असेल तर पुढचं काही तपासत बसू नका. चालताना एका बाजूला झोक जाणं, उभंच राहता न येणं, एकाचे दोन दिसणं, हेसुद्धा अचानक झालं असेल तर याच यादीत धरायचं.

दिसण्याची तपासणी लोकांना माहीत नसते, म्हणून ती सावकाश सांगते. पेशंटच्या समोर हातभर अंतरावर बसा, डोळे एकमेकांच्या सपाटीला येतील असे. त्यांना म्हणा, "माझ्या नाकाकडंच बघा, नजर हलवू नका." मग तुमचे दोन्ही हात बाजूला पसरा आणि कधी डाव्या, कधी उजव्या हाताची बोटं हलवा. कुठली बोटं हलली ते विचारा. आता त्यांचा एक डोळा तळहातानं झाकून पुन्हा करा, मग दुसरा झाकून. फक्त एका डोळ्यानं दिसत नसेल तर बिघाड बहुधा त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत असतो. पण उजवा डोळा झाकला तरी उजव्या बाजूची बोटं दिसत नाहीत आणि डावा झाकला तरी उजव्याच बाजूची दिसत नाहीत, असं झालं तर दोन्ही डोळे शाबूत आहेत आणि बिघाड मेंदूत आहे. बघण्याचं केंद्र डोक्याच्या मागच्या भागात असतं. डाव्या अर्ध्या मेंदूला उजवीकडचं जग दिसतं, उजव्या अर्ध्याला डावीकडचं. मागच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की जगाचा अर्धा भाग नाहीसा होतो, आणि पेशंटला पुष्कळदा ते कळतही नाही. त्यामुळं तो "दिसत नाही" असं म्हणत नाही. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, अर्धंच ताट जेवतो, शेजारी उभ्या माणसाला ओलांडून जातो. मागच्या बाजूच्या या पक्षाघातात डोकंही बऱ्याचदा दुखतं, म्हणून तो 'डोकेदुखी' या नावाखाली झाकला जातो.

एका डोळ्यावर अचानक पडदा पडल्यासारखं झालं, दुखत काहीच नाही, तरी थांबायचं नाही. तिथं डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी वाहिनी बंद झालेली असू शकते. तोही पक्षाघाताचाच भाऊबंद आहे आणि त्यालाही आजच मोठ्या रुग्णालयात न्यायचं असतं.

"अर्धशिशीतही असंच होतं की" असं लोक म्हणतात. होतं, आणि फरक करायची एक खूण आहे. अर्धशिशीत आधी चमचमणाऱ्या, नागमोडी रेषा दिसतात, त्या पाच-दहा-वीस मिनिटांत हळूहळू पसरत जातात, मग ओसरतात आणि डोकं दुखायला लागतं. त्या माणसाला हे आधीही अनेकदा झालेलं असतं. पक्षाघातात काही चमकत नाही, दिसणं गायब होतं, आणि ते क्षणात होतं. पण माझं मत स्पष्ट आहे: पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच झाला असेल तर अर्धशिशी आहे की नाही ते घरात ठरवू नका.

घड्याळ कुठून धरायचं

आम्ही दारातच पहिला प्रश्न विचारतो, "कधी झालं?" नातेवाईक सांगतात, "आठ वाजता आम्हाला दिसलं." ते उत्तर आमच्या उपयोगाचं नसतं. आम्हाला हवी असते ती वेळ म्हणजे माणूस शेवटचा पूर्ण ठणठणीत कधी दिसला. मावशींच्या बाबतीत ती सात-दहा होती आणि ती फोनमध्ये नोंदलेली होती. लेकीनं फोन बघून सांगितलं म्हणून आम्हाला खात्रीनं पुढं जाता आलं. फोन नसेल तर दुसऱ्या खुणा शोधा. दूध घालायला गेले तेव्हा बोलले का, एसटी गेली तेव्हा ओट्यावर होते का, मोटार चालू करायला लाईट किती वाजता आली. सापडलेली वेळ कागदावर लिहा आणि तो कागद पेशंटच्या खिशात ठेवा. घाईत माणसं बदलतात आणि सोबत आलेल्याला वेळ माहीत नसते.

झोपेतून उठल्यावर झालेलं दिसलं तर घड्याळ झोपण्याच्या वेळेपासून धरायचं. रात्री दहाला झोपले, सकाळी सहाला हात उचलत नाही, म्हणजे हिशोबात आठ तास गेले. पण एक प्रश्न जरूर विचारा: रात्री लघवीला उठले होते का? साडेचारला उठून स्वतः बाहेर जाऊन आले, घोटभर पाणी प्याले, कुणाशी बोलले, आणि ते कुणी पाहिलं असेल, तर घड्याळ साडेचारपासून चालू होतं आणि पेशंट पुन्हा मुदतीत येतो. या एका प्रश्नानं मी पेशंटचा सगळा रस्ता बदललेला पाहिला आहे.

मुदत म्हणजे किती ते आता सांगते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. या इंजेक्शनाचा मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मुदत तीन तास होती, २००८ च्या अभ्यासानंतर ती साडेचार झाली. पण साडेचार तास आहेत म्हणून चहा पिऊन निघू, असा त्याचा अर्थ नाही. ठिबकची नळी चोंदली की त्या ओळीतली सगळी झाडं एकदम मरत नाहीत. चोंदलेल्या जागेच्या अगदी पुढची आधी वाळतात, बाजूची सुकतात आणि शेजारच्या ओलीवर तग धरतात. नळी वेळेत मोकळी झाली तर सुकलेली उठतात, वाळलेली उठत नाहीत. मेंदूतही तसंच होतं. मोठी वाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. तिसऱ्या तासाला दिलेल्या इंजेक्शनापेक्षा दीड तासात दिलेलं इंजेक्शन जास्त पेशी वाचवतं, दोन्ही मुदतीत बसत असली तरी.

मुदत संपली असं वाटलं तरी घरी थांबायचं नाही. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी बाहेर ओढून काढता येते. हे सहसा सहा तासांत करतात, पण २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये, विशेष स्कॅन बघून, चोवीस तासांपर्यंतही करतात. ही सोय थोड्याच मोठ्या केंद्रांत असते. जायचं की नाही ते तिथला डॉक्टर ठरवेल. तुम्ही "आता काय उपयोग" असं म्हणून ठरवू नका.

या वेळात काय करायचं नाही

आता मावशींच्या घरी परत जाऊ. आठ-दहाला शेजारचा पुतण्या गावातल्या डॉक्टरांना घेऊन आला. बीपी निघालं दोनशे दहा. डॉक्टरांनी चांगल्या मनानं बीपीची गोळी काढली, जिभेखाली ठेवायला. पुतण्यानं तेवढ्यात १०८ ला फोन लावला होता आणि तिकडून सांगितलं गेलं की तोंडानं काही देऊ नका. तेवढ्यावर ती गोळी थांबली. त्या क्षणी बीपी वाढतं ते पुष्कळदा मेंदूला रक्त कमी पडतंय म्हणून शरीरानंच वाढवलेलं असतं. सुकत चाललेला भाग त्याच दाबावर शेजारच्या बारीक वाहिन्यांतून जगत असतो. जिभेखालच्या गोळीनं दाब धाडकन पडला की तो भागही वाळतो. बीपी कमी करायचं की नाही, किती आणि कशानं, हे सीटी बघितल्यावर रुग्णालयात ठरतं, आणि तिथं ते मोजून-मापून उतरवतात.

ॲस्पिरिनचंही तसंच आहे. छातीत दुखलं की ॲस्पिरिन चघळायची, हे लोकांना आता माहीत झालंय, आणि तेच ते इथं लावतात. पण मेंदूत गुठळी आहे की रक्तवाहिनी फुटून रक्त साचलंय, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. मला नाही, तीस वर्षांच्या अनुभवी डॉक्टरांनाही नाही. दोन्हींत तोंड वाकडं होतं, दोन्हींत बोबडी वळते. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन तो वाढवू शकते. फरक फक्त सीटी स्कॅन दाखवतो. डोकेदुखीच्या काही विरघळणाऱ्या गोळ्यांतही ॲस्पिरिन असते, म्हणून आधी कुठली गोळी दिली असेल तर तिचं पाकीट सोबत आणा आणि लपवू नका.

पाणी, चहा, साखरपाणी काहीच पाजायचं नाही. घशाची एक बाजू जड झालेली असते, घोट श्वासनळीत जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पक्षाघातातून वाचलेले पेशंट या न्यूमोनियानं जाताना मी पाहिलेत. कांदा फोडून हुंगवणं, तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, मोबाईलवर फिरणारा बोटांना सुई टोचायचा मेसेज, यांनी बंद वाहिनी उघडत नाही. यात गेलेली वीस मिनिटं मेंदूच्या खात्यातून जातात. लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला नेणं हा तर सरळ सरळ मुदत घालवण्याचा रस्ता आहे.

उताणं झोपवून तोंडात काही कोंबू नका. शुद्ध हरपत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे घशात काही अडकणार नाही. मधुमेह असेल आणि घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर एक थेंब मोजा. साखर फार खाली गेली तरी बोबडी वळते, हात लुळा पडतो, अगदी पक्षाघातासारखंच दिसतं. ७० च्या खाली असेल तर १०८ च्या डॉक्टरांना लगेच आकडा सांगा, ते शिरेतून ग्लुकोज देतील. साखर मोजलेली नसेल तर मात्र 'अशक्तपणा आलाय' म्हणून ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका, कारण वाढलेली साखर मेंदूचं नुकसान वाढवते.

कुठं न्यायचं

लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात, आणि आमच्या घरीही तेच झालं होतं. माझ्या वडिलांना पहाटे उजवा हात उचलेना. आम्ही त्यांना ओळखीच्या, जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं सीटी नव्हता. सलाईन लावली, बीपी बघितलं, "दुपारपर्यंत बघू" म्हणाले. दुपारी पुढं पाठवलं तेव्हा सहा तास गेले होते. वडील पुढं अकरा वर्षं जगले, पण उजवा हात कायमचा गेला आणि आमच्याशी बोलायला त्यांना चारच शब्द उरले. मी नर्सिंगला गेले त्यात या गोष्टीचा वाटा आहे.

जवळचा दवाखाना योग्य असतोच असं नाही. योग्य ते ठिकाण, जिथं त्या क्षणी सीटी मशीन चालू आहे आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. वाटेतूनच फोन करून दोनच प्रश्न विचारा: "सीटी आत्ता होईल का? पक्षाघाताचं इंजेक्शन आत्ता देता का?" यातल्या एकाचं उत्तर 'नाही' आलं तर तिथं थांबू नका. हे प्रश्न आजच, घरात सगळे ठणठणीत असताना, विचारून ठेवा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूरचं शासकीय महाविद्यालय ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयंही आहेत. कुठल्या वेळी कुठं काय मिळतं हे गावागावाप्रमाणे वेगळं आहे, म्हणून तुमच्या गावाहून दिवसा कुठं आणि रात्री दोनला कुठं, अशी दोन नावं ठरवून फोन नंबरांसह दारामागं लावून ठेवा.

१०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर सांगताना "तब्येत बिघडली" म्हणू नका. असं सांगा: "पक्षाघाताची शंका आहे, सात-दहापर्यंत ठणठणीत होत्या, आता उजव्या बाजूचं दिसत नाही आणि जीभ जड झालीय, वय एकसष्ट, गाव अमुक." गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर तेही विचारा आणि गावातली जीप निघत असेल तर तीच घ्या. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गेल्या काही महिन्यांत डोक्याला मार किंवा मोठं ऑपरेशन झालंय का, पोटातून रक्त गेलंय का, हे सांगू शकेल असा एक माणूस गाडीत हवा. या उत्तरांवर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं.

मावशी रुग्णालयात पोचल्यावर

१०८ आठ-चाळीसला घरी आली आणि नऊ-पस्तीसला आमच्या दारात. वाटेतूनच फोन आल्यामुळं सीटीची टेबल रिकामी ठेवली होती. नऊ-पन्नासला स्कॅन झाला आणि रक्तस्राव नव्हता. वजन केलं, बावन्न किलो. हे इंजेक्शन वजनावर देतात, किलोला ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे मावशींना सुमारे ४७. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, बाकीचा तासाभरात सुईच्या पंपानं. त्यासाठी बीपी १८५/११० च्या खाली असावं लागतं. मावशींचं १९६ होतं. शिरेतून औषध देऊन ते १७८ वर आणलं आणि दहा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन सुरू केलं. ठणठणीत असल्यापासून बरोबर तीन तास.

नातेवाईकांची सही घेताना आम्ही धोका सांगतो, आणि तो खरा आहे. १९९५ च्या अभ्यासात हे इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव झाला होता. त्याच अभ्यासात इंजेक्शन घेतलेले पेशंट तीन महिन्यांनी अपंगत्वाविना किंवा नावापुरत्या अपंगत्वानं राहण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी जास्त होती. मावशींचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, तुमच्या आईला दिलं असतं का?" मी म्हणाले, "दिलं असतं." सही करायला त्याला दोन मिनिटं लागली. हा विचार घरी आधी झालेला असेल तर तिथं भांडण होत नाही आणि पुण्याहून मोठ्या भावाच्या फोनची वाट बघायची वेळ येत नाही.

दुपारपर्यंत हाताची ताकद आली, संध्याकाळी बोलणं साफ झालं. ॲस्पिरिन चोवीस तास थांबवली, मग पुन्हा सीटी करून सुरू केली. ईसीजीत नाडी अनियमित निघाली. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचत नव्हता, त्यात रक्त साचून गुठळी झाली आणि वर गेली. दिसण्याचं सगळंच परत आलं नाही, उजव्या बाजूचा वरचा थोडा भाग अजून दिसत नाही.

दोन प्रसंग, जे हमखास सुटतात

पहिला, आपोआप बरं होणारा. पंधरा मिनिटं जीभ जड झाली, हात लुळा झाला, मग सगळं पूर्ववत. लोक "चक्कर आली होती" म्हणून सोडून देतात. गुठळी तेवढ्यापुरती सुटलेली असते आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

दुसरा, बाळंतीण. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत डोकेदुखी रोज वाढत जाते, अंधुक दिसतं, उलट्या होतात, एखादी फीट येते. घरात 'बाळंतवात' म्हणतात. पण बाळंतपणानंतर मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या वाहिनीत गुठळी होऊ शकते, आणि बीपी वाढूनही असंच होतं. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. त्यानं रक्त घट्ट होऊन धोका वाढतो. तिला पाणी भरपूर प्यायला द्या, बीपी मोजा, आणि अशी डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी सीटी असलेल्या रुग्णालयात न्या. आणि डोक्यात काही फुटल्यासारखी, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी मान आखडून झाली, तर ती कुणालाही, कुठल्याही वयात, थेट रुग्णालयातच न्यायची असते.

घरी आल्यावर

मावशींना आता रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी लागते, आणि बीपीची कायमची. दोन्ही त्यांनी आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनीच बंद केली होती. दिसण्याचा कोपरा अर्धवट असेपर्यंत गाडी चालवायची नाही, विहिरीच्या कडेला एकटं जायचं नाही, रस्ता ओलांडताना मान पूर्ण उजवीकडं फिरवून बघायचं. सून ताट वाढते तेव्हा भाजी डाव्या हाताला ठेवते आणि मावशींना रोज सांगते, "ताट फिरवून बघा." डोळ्यांच्या डॉक्टरकडं दर तीन महिन्यांनी नजरेच्या कडा मोजून घ्यायला सांगितलंय, पुढची तारीख कापूस संपल्यावरची आहे.